कंसातला आकडा आणि तळची ओळ



इंग्रजांनी ज्या मुलखात जमीनदारामार्फत सारा वसूल केला तो मुलूख स्वातंत्र्यानंतरही शेतीत मागे राहिला, आणि जिथे सारा थेट रयतेकडून घेतला तो पुढे गेला, असे विधान भाषणांतून व अग्रलेखांतून आपल्या कानांवर येते. त्याला आधार म्हणून बहुधा एकाच शोधनिबंधाचे नाव घेतले जाते. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या दोघांनी तो लिहिला आणि २००५ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. बॅनर्जींना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हापासून या निबंधाचे वजन आणखी वाढले. पण त्याचा दाखला देणाऱ्यांपैकी निबंधातले कोष्टक उघडून, बोट ठेवून, ओळीने वाचणारे थोडेच असतील. आज आपण तेवढेच करणार आहोत. सबंध निबंध वाचण्याची गरज नाही. त्यातले एक कोष्टक वाचता आले, तर त्या विधानावर विश्वास किती ठेवावा हे आपले आपल्याला ठरविता येईल.

हे कोष्टक ‘रिग्रेशन’चे आहे. मराठी परिभाषाकारांनी त्याला ‘समाश्रयण’ असा भारदस्त शब्द दिला आहे, पण मी आज रिग्रेशनच म्हणणार आहे. गॉल्टन नावाच्या इंग्रज पंडिताने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचा संबंध मोजताना हा शब्द रूढ केला. त्याच्या मूळ अर्थाशी आज आपल्याला कर्तव्य नाही. आपल्यापुरते एवढे पुरे, की एका गोष्टीत फरक पडला असता दुसरीत सरासरीने किती फरक दिसतो, आणि तो मोजताना बाकीच्या काही गोष्टी सारख्या धरल्या तर किती उरतो, याचा हा हिशेब आहे. ‘बाकीच्या गोष्टी सारख्या धरणे’ म्हणजे नेमके काय करणे, हे समजले की अर्धे काम झाले. म्हणून जमीनदारीकडे वळण्याआधी आपल्या वसमतच्या हळदीचा हिशेब मांडू. हा हिशेब कल्पित आहे, आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, कोणी पाहणी केलेली नाही.

समजा, हळद लावणारे शंभर शेतकरी आपण निवडले. त्यांतल्या पन्नास जणांनी बँकेचे पीककर्ज घेतले आहे आणि पन्नास जणांनी घेतलेले नाही. कर्ज घेणाऱ्यांना एकरी सरासरी २४ क्विंटल वाळलेली हळद झाली, न घेणाऱ्यांना १६ क्विंटल. फरक ८ क्विंटलांचा. बँकेचा अधिकारी हा आकडा घेऊन सभेत उभा राहील आणि म्हणेल, ‘पाहा, आमच्या कर्जाने एकरी आठ क्विंटल हळद वाढली.’ टाळ्या पडतील.

पण आपल्यातला एखादा म्हातारा शेतकरी विचारील, ‘साहेब, यांतल्या कोणाच्या रानात पूर्णेच्या कालव्याचे पाणी आहे?’ हा प्रश्न लाखमोलाचा आहे. सिद्धेश्वर धरणाचा कालवा ज्यांच्या शिवारातून जातो त्यांना बँकही कर्ज लवकर देते, कारण पीक हाती लागेल याची तिला खात्री असते. समजा, कर्ज घेणाऱ्या पन्नासांपैकी ४० जण कालव्यावरचे आहेत आणि १० विहिरीवरचे. कर्ज न घेणाऱ्यांत उलट आहे. १० कालव्यावर, ४० विहिरीवर. आता कालवेवाल्यांची तुलना कालवेवाल्यांशीच करा. कर्जवाल्यांना २६ क्विंटल, बिनकर्जवाल्यांना २४. विहिरीवाल्यांची विहिरीवाल्यांशी करा. १६ आणि १४. दोन्हीकडे फरक दोनच क्विंटलांचा आहे. आठातले सहा क्विंटल कालव्याचे होते, आणि ते कर्जाच्या खात्यावर जमा झाले होते. ताळा ज्याला करायचा असेल त्याने करून पाहावा. चाळीस वेळा २६ आणि दहा वेळा १६ यांची सरासरी २४ येते, दहा वेळा २४ आणि चाळीस वेळा १४ यांची १६.

रिग्रेशनमध्ये ‘कालवा हा नियंत्रक चल घातला’ असे म्हणतात तेव्हा हेच केलेले असते. सारख्याची सारख्याशी तुलना. चल दोनतीन असले तर हे हाताने करता येते, वीस असले की यंत्राला करावे लागते, एवढाच भेद. निबंधात मग हा हिशेब असा छापलेला दिसेल.

| एकरी हळद, क्विंटल | (१) | (२) | (३) |
|---|---|---|---|
| कर्ज घेतले | ८.० | २.० | ०.३ |
| | (१.१) | (१.०) | (१.०) |
| कालव्याचे पाणी | | १०.० | ९.८ |
| | | (१.०) | (०.९) |
| खताची पोती, एकरी | | | १.५ |
| | | | (०.४) |
| शेतकरी | १०० | १०० | १०० |

वाचण्याची सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यापासून करावी. तिथे काय मोजले आहे आणि कोणत्या मापाने, हे लिहिलेले असते. इथे एकरी क्विंटल आहेत. हे न पाहता आकड्याकडे धावले की घोटाळा होतो, कारण ८ हा आकडा क्विंटलांचा, किलोंचा की टक्क्यांचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मग स्तंभ पाहावे. प्रत्येक स्तंभ म्हणजे एक स्वतंत्र हिशेब. ज्या घरात आकडा आहे तो चल त्या हिशेबात घेतला आहे, जे घर रिकामे आहे तो घेतलेला नाही. पहिल्या स्तंभात फक्त कर्ज आहे, दुसऱ्यात कालवाही आला. वरचा आकडा म्हणजे गुणांक, आणि त्याच्याखाली कंसात असतो ती त्याची प्रमाण त्रुटी. अनेकांचा समज असा, की कंसातला आकडा गौण असतो, म्हणून कंसात घातला. खरे तर गुणांकाला किती किंमत द्यावी हे तोच सांगतो.

प्रमाण त्रुटी म्हणजे हिशेबातली चूक नव्हे. ‘त्रुटी’ या शब्दाने इथे आपली दिशाभूल होते. आपण शंभर शेतकरी निवडले, त्यांऐवजी दुसरे शंभर निवडले असते तर २.० च्या जागी १.४ आले असते, किंवा २.९. निवडीच्या नशिबाने आकडा साधारणपणे किती हलतो त्याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. गुणांकातून तिची दुप्पट वजा करावी आणि गुणांकात तिची दुप्पट मिळवावी. या दोन टोकांच्या दरम्यान खरा आकडा असावा, असा तोंडी हिशेब चालतो. दुसऱ्या स्तंभात २.० आणि कंसात १.०, म्हणजे शून्यापासून चार क्विंटलांपर्यंत कुठेही. कर्जाने हळद वाढली असेलही, नसेलही. कालव्याचा आकडा १०.० आणि कंसात १.०, म्हणजे आठ ते बारा. तिथे शंकेला जागा नाही. गुणांकाला कंसातल्या आकड्याने भागले आणि उत्तर दोनाच्या खाली आले, तर तो गुणांक नशिबाचा खेळही असू शकतो असे समजावे. निबंधकार आकड्यांच्या डोक्यावर तारका छापतात त्या याच भागाकारावरून. तारका मोजण्यापेक्षा भागाकार स्वतः करावा. एक तारका म्हणजे काय हे प्रत्येक नियतकालिकात सारखे नसते, भागाकार मात्र सगळीकडे सारखा असतो.

आता तिसरा स्तंभ पाहा. खताची पोती हिशेबात घेताच कर्जाचा गुणांक ०.३ वर आला, म्हणजे जवळजवळ नाहीसाच झाला. यावरून कर्ज निरुपयोगी ठरले काय? अजिबात नाही. शेतकरी कर्ज घेतो ते खत घेण्यासाठीच ना? कर्जाचा जो काही उपयोग झाला तो खतातूनच पिकात उतरला. खत सारखे धरून कर्जाचा परिणाम विचारणे म्हणजे, जेवण सारखे धरले तर स्वयंपाकाने भूक किती भागते, असे विचारण्यासारखे आहे. कालवा कर्जाच्या आधीपासून होता, खत कर्जानंतर आले. जे आधीपासून आहे आणि दोन्हीकडे ओढ लावते, ते सारखे धरलेच पाहिजे. जे कारणातूनच जन्मले आहे, ते सारखे धरले की कारणाचा परिणाम आपणच पुसून टाकतो. पुष्कळ नियंत्रक चल घातले म्हणजे हिशेब जास्त शास्त्रीय झाला, अशी समजूत विद्वानांतही आढळते. तिच्यावर फार विसंबू नये. प्रत्येक चलासमोर बोट ठेवून ‘हा आधीचा की नंतरचा’ एवढेच विचारावे.

आता जमीनदारीच्या कोष्टकाकडे वळू. बॅनर्जी आणि अय्यर यांनी इंग्रजी अमलाखालच्या जिल्ह्यांत सारा कोणाकडून वसूल होत असे, हे जुन्या बंदोबस्ताच्या अहवालांतून काढले. बंगाल-बिहारकडे जमीनदारी होती, मुंबई व मद्रास इलाख्यांत मुख्यतः रयतवारी, वायव्य प्रांतांत व पंजाबात गावसमूहाची पद्धत. प्रत्येक जिल्ह्याला त्यांनी शून्य ते एक यांमधला आकडा दिला. सगळा जिल्हा जमीनदारांचा असेल तर शून्य, जमीनदार मुळीच नसतील तर एक. मग १९५६ ते १९८७ या बत्तीस वर्षांत त्या जिल्ह्यांत सिंचन किती, खत किती, एकरी पीक किती, हे मांडले. शेतीच्या या कोष्टकात १६६ जिल्हे आहेत.

त्यातले तीनच आकडे घेऊ. एकंदर पिकाच्या उत्पादकतेसमोर गुणांक ०.१५७ आहे आणि कंसात ०.०७१. गव्हासमोर ०.२२९ आणि ०.०६७. सिंचित क्षेत्राच्या प्रमाणासमोर ०.०६५ आणि ०.०३४.

पहिल्या दोन आकड्यांत माप कोणते, ते आधी पाहा. उत्पादकता तिथे किलोत दिलेली नाही, तिचा लॉगरिथम घेतला आहे. लॉगरिथममधला लहान फरक टक्क्यांसारखा वाचता येतो, म्हणून ०.१५७ म्हणजे सुमारे सोळा टक्के. पण ही वाढ कशापासून कशापर्यंत? शून्यापासून एकापर्यंत, म्हणजे पूर्ण जमीनदारी जिल्ह्यापासून पूर्णपणे जमीनदारमुक्त जिल्ह्यापर्यंत. ज्या जिल्ह्यात निम्मे-निम्मे होते तिथे निम्माच फरक. सिंचनाचा आकडा मात्र लॉगरिथमचा नाही, तो लागवडीखालच्या जमिनीच्या हिश्श्याचा आहे. ०.०६५ म्हणजे शंभर एकरांत साडेसहा एकर जास्त भिजतात. या जिल्ह्यांची सिंचनाची सरासरी शेकडा अठ्ठावीसच्या आत आहे, म्हणून त्या सरासरीच्या मानाने ही वाढ सुमारे चोवीस टक्के होते. एकच गोष्ट ‘शंभरात साडेसहा एकर’ अशी सांगितली तर लहान वाटते आणि ‘चोवीस टक्के’ अशी सांगितली तर मोठी. दोन्ही खरे. वर्तमानपत्र कोणती निवडील ते सांगायला नको.

आता कंसात डोकवा. गव्हाचा भागाकार तीनाच्या वर जातो. एकंदर उत्पादकतेचा दोनाच्या थोडा वर. दुप्पट वजा-मिळवणी केली तर १६ टक्क्यांचा तो प्रसिद्ध आकडा दीड टक्क्यापासून तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत पसरतो. जमीनदारीने झालेले नुकसान नगण्यही असू शकते आणि भयंकरही, एवढेच हा आकडा खात्रीने सांगतो. सिंचनाचा भागाकार दोनाच्या किंचित खाली आहे. या तीन आकड्यांचे वजन सारखे नाही, पण भाषणात मात्र ते एकाच दमात उच्चारले जातात.

प्रमाण त्रुटीसंबंधी इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि कोष्टकाखालच्या टिपेत ती बारीक अक्षरांत असते. १६६ जिल्हे आणि ३२ वर्षे, गुणाकार केला तर पाच हजारांच्या वर नोंदी होतात. एवढ्या नोंदी असल्या तर त्रुटी फारच लहान यायला हवी. पण सातारा जिल्हा १९५६ साली जितका रयतवारीचा होता तितकाच १९८७ सालीही होता, कारण तो इतिहास आहे, तो बदलत नाही. एकाच साक्षीदाराला बत्तीस वेळा उभे केले म्हणजे बत्तीस साक्षी होत नाहीत. म्हणून या निबंधात एका जिल्ह्याच्या सर्व नोंदींचा एक गट धरून त्रुटी काढली आहे, आणि तसे टिपेत सांगितले आहे. तसे केले नसते तर कंसातले आकडे कितीतरी लहान आले असते आणि तारकांचा पाऊस पडला असता. कोणत्याही निबंधात आधी ही टीप पाहावी. माझी स्वतःची शंका याच्याही पुढची आहे. पुणे आणि सातारा यांचा बंदोबस्त वेगवेगळ्या डोक्यांतून निघाला नव्हता. इलाख्याचे धोरण एक, जिल्हे अनेक. मग खरे साक्षीदार १६६ की इलाख्यांइतकेच मूठभर? वाचकाने हा प्रश्न मनात ठेवावा.

आता कोष्टकाच्या तळच्या ओळी. तिथे ‘होय’, ‘होय’, ‘होय’ असे छापलेले असते आणि वाचक तिकडे पाहतही नाही. या कोष्टकात तळाला तीन ‘होय’ आहेत. प्रत्येक वर्षासाठी वेगळी सूट, म्हणजे दुष्काळाचे वर्ष सगळ्यांना सारखे धरले. भूगोल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश, सरासरी पाऊस, मातीचा प्रकार आणि किनारपट्टी. आणि तिसरी गोष्ट, तो जिल्हा इंग्रजांच्या महसुली ताब्यात केव्हा आला. आपली कसोटी लावून पाहा. काळी माती, पाऊस, उंची, हे सारे इंग्रजांच्या आधीचे. ते हळदीच्या हिशेबातल्या कालव्यासारखे आहेत, आणि ते सारखे धरणे योग्यच झाले. खत आणि सिंचन मात्र उत्पादकतेच्या हिशेबात सारखे धरलेले नाहीत. त्यांना स्वतःची वेगळी ओळ दिली आहे, कारण जमीनदारीमुळे शेतकऱ्याने पैसा घातला नाही, असेच तर त्यांचे म्हणणे आहे. इथे लेखकांचा विवेक दिसतो आणि त्याची तारीफ केली पाहिजे.

पण जे मोजलेच नाही ते सारखे कसे धरणार? जिथे मूळचेच गरीब व दबलेले लोक होते तिथेच इंग्रजांनी जमीनदार बसविला असेल तर? लेखकांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांनी आणखी दोन वाटांनी हिशेब केला. एकीत फक्त शेजारशेजारच्या, पण पद्धत वेगळी असलेल्या जिल्ह्यांची तुलना आहे. दुसरीत जिल्हा केव्हा जिंकला गेला या गोष्टीचा आधार घेतला आहे. १८२० नंतर मद्रासेत मन्रो आणि मुंबईत एल्फिन्स्टन यांचा पगडा होता आणि जमीनदारीचे वारे फिरले होते, म्हणून त्या सुमारास आलेल्या मुलखात जमीनदार नसण्याचा संभव वाढला. ही युक्ती चतुर आहे, तिच्यात आज शिरायला वेळ नाही.

आपल्यापुरता खरा वाद निराळ्याच ठिकाणी उपटला, आणि तो आपल्या शेजारच्या मुलखातून. २०१३ साली व्हेगार्ड इव्हर्सन, रिचर्ड पामर-जोन्स आणि कुणाल सेन या तिघांनी ‘जर्नल ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज’मध्ये हे कोष्टक पुन्हा तपासले. त्यांनी सूत्राला हात लावला नाही. त्यांचा आक्षेप एवढाच, की मध्य प्रांताची वर्गवारी चुकली आहे. मध्य प्रांत म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे आपले जिल्हे आणि आजच्या मध्य प्रदेशाचा व छत्तीसगडचा मोठा भाग. तिथे मालगुजारी होती. मालगुजार हा सरकारला सारा भरणारा, गावाचा मालक म्हणविणारा माणूस, म्हणून मूळ निबंधात तो जमीनदारांच्या बाजूला गेला.

पण मालगुजार आणि बंगालचा जमीनदार एकाच मापाने मोजावेत काय? बंगालमध्ये १७९३ साली सारा कायमचा ठरला. कुळाकडून जास्त मिळविता आले तर ती जमीनदाराची मिळकत. मध्य प्रांतात सारा कायमचा नव्हता, ठराविक मुदतीने बंदोबस्त होई, आणि बहुसंख्य कुळांना कायद्याचे संरक्षण होते. त्यांचा खंडही बंदोबस्त अधिकारी ठरवीत. मालगुजाराचा वाडा मोठा असेल, पण कुळाच्या घामावर त्याचा हात तितका लांब पोचत नव्हता. विदर्भातल्या जुन्या घरांतून याच्या कथा आजही ऐकायला मिळतात. काही मालगुजारांचा जुलूम सांगणाऱ्या, काही त्यांनी बांधलेल्या तलावांच्या.

वर्गवारी सुधारून या तिघांनी हिशेब पुन्हा चालविला, तेव्हा १९६५ नंतरच्या हरितक्रांतीच्या काळात जमीनदारी जिल्हे शेतीत लक्षणीयरीत्या मागे पडले, या मध्यवर्ती निष्कर्षाला आधार उरला नाही. असे का व्हावे? मध्य प्रांताचे बरेच जिल्हे कोरडवाहू, डोंगराळ, जंगलाचे. तिथे पीक मुळातच कमी. हे जिल्हे जमीनदारीच्या पारड्यात होते तोवर त्या पारड्याची सरासरी खाली ओढली जात होती. ते पारड्यातून उचलताच तराजू जवळजवळ सपाट झाला. पाऊस आणि माती सारखी धरूनही हे घडले, कारण भूगोलाचे पाचसहा आकडे म्हणजे सबंध मुलूख नव्हे. आणि लक्षात घ्या, कंसातल्या आकड्याने या धोक्याची सूचना दिली नव्हती. प्रमाण त्रुटी निवडीच्या नशिबाचे माप देते. नागपूरला कोणत्या रकान्यात बसवावे याबद्दल लेखकाचा समज बरोबर की चूक, हे ती सांगू शकत नाही. ते कोष्टकातही छापलेले नसते. त्यासाठी परिशिष्ट काढून, कोणत्या जिल्ह्याला कोणता आकडा दिला, हे पाहावे लागते, आणि ज्याला तो जिल्हा ठाऊक आहे त्यानेच ते पाहावे लागते. नागपूरच्या एखाद्या निवृत्त तलाठ्याला ही चूक अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाआधी दिसली असती, असे मला वाटते.

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, की या कोष्टकात आपण कुठे आहोत? याचे उत्तर, आपण त्यात नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, आणि परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मूळ निबंधात देशी संस्थानांचा मुलूख घेतलेलाच नाही. गंमत अशी, की हिंगोलीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ फौजेची छावणी होती, आणि या फौजेच्या खर्चापोटीच १८५३ साली निजामाला पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात द्यावा लागला. फौज इथे आणि मुलूख गेला तिथला. तेव्हा कोणी या कोष्टकाच्या आधाराने मराठवाड्याच्या शेतीबद्दल काही बोलू लागला, तर त्याला नमुन्याची ओळ दाखवावी. तळाला लिहिलेल्या १६६ जिल्ह्यांच्या बाहेर त्या गुणांकाला काही बोलण्याचा अधिकार नाही.

आपला मुलूख ज्यात येतो असा निबंध वेगळा आहे. लक्ष्मी अय्यर यांनीच तो २०१० साली ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रश्न असा, की खुद्द इंग्रजांच्या अमलातले जिल्हे पुढे निघाले की संस्थानिकांचे? साधा हिशेब केला तर शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादकता इंग्रजी जिल्ह्यांत जास्त दिसते. पण इंग्रजांनी सुपीक मुलूख आधी घेतला असेल, ही शंका तिथेही आहे, आणि पावसाची ओळ घालून ती पुरती फिटत नाही. म्हणून अय्यरबाईंनी डलहौसीच्या काळाकडे पाहिले. १८४८ ते १८५६ या वर्षांत ज्या राजाला औरस वारस नव्हता त्याचे राज्य खालसा होण्याचा संभव मोठा होता. सातारा तसे गेले, नागपूर तसे गेले. राजाला मुलगा होणे न होणे हे जमिनीच्या कसावर अवलंबून नसते. या रीतीने हिशेब केल्यावर शेतीतला फरक उरला नाही, आणि शाळा, आरोग्यकेंद्रे, रस्ते यांत इंग्रजी जिल्हेच मागे निघाले.

हे ऐकून मराठवाड्यातला माणूस भुवया उंचावील, आणि ते योग्यच आहे. निजामी राजवटीत शाळांची काय अवस्था होती ते आपल्या आजोबांनी पाहिले आहे. पण त्या गुणांकात म्हैसूर आहे, बडोदे आहे, त्रावणकोर आहे आणि हैदराबादही आहे. ती या सगळ्यांची सरासरी. बडोद्याने सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्याचे पुण्य हैदराबादच्याही वाट्याला थोडे येते. सरासरीपासून कोणता मुलूख किती दूर पडला हे कोष्टकात छापत नाहीत. ते पाहायचे तर मूळ आकडेवारी मागवून परभणीची ओळ शोधावी लागते.